उद्यमनगरातल्या टूल दुकानाचं एबीसी: प्रकल्प नोंदी

४ एप्रिल २०२६

२०२५-२६ चं वर्ष संपलं, विक्रीच्या नोंदी पूर्ण झाल्या, आणि आबांनी शेवटी होकार दिला. दुकानातल्या सगळ्या मालाची एबीसी वर्गवारी करायची. काम माझ्याकडे, आणि मालाची ओळख पटवून द्यायला गोडाऊनचे तात्या सोबत.

दुकान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. इन्सर्ट, ड्रिल, टॅप, एंड मिल, ग्राइंडिंग व्हील, कटिंग ऑइल असा माल. गिऱ्हाईक बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली मशिन शॉप. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग टर्निंग-मिलिंग करून पुढे पाठवणारी ही मंडळी. त्यांचं मशिन थांबलं की माणूस मोटारसायकलवरून दारात उभा राहतो आणि त्याला माल त्याच क्षणी हवा असतो.

अडचण अशी, की आम्ही सगळ्या मालाकडे सारख्याच नजरेने बघतो. वर्षाला लाखोंचा धंदा देणारा इन्सर्ट आणि वर्षात दोनदा विकला जाणारा रीमर, दोघांची मोजणी वर्षातून एकदा मार्चअखेरीस होते. त्यामुळे महत्त्वाचा माल मधेच संपलेला कळत नाही, आणि पैसा भलत्याच खणात अडकून बसतो.

कामाचा गाभा सोपा आहे. प्रत्येक मालाची वर्षाची विक्री काढायची, जास्तीकडून कमीकडे उतरत्या क्रमाने लावायची, वरून खाली बेरीज करत जायची आणि प्रत्येक टप्प्याला ती बेरीज एकूण विक्रीच्या किती टक्के झाली ते लिहायचं. ८० टक्क्यांपर्यंतचा माल ए, तिथून ९५ पर्यंत बी, उरलेला सी. ही टक्केवारी आलेखावर काढून ८० आणि ९५ ला आडव्या रेघा मारायच्या. इतकंच. पण या "इतकंच"मध्ये दोन ठिकाणी निर्णय दडलेले आहेत: आकडे कुठले घ्यायचे, आणि रेघेवर येऊन बसलेल्या मालाचं काय करायचं.

सगळं दुकान एकदम घेण्याआधी एक रॅक घेतो. त्यात वीस प्रकारचा माल आहे, त्यामुळे प्रत्येक आकडा डोळ्यांनी तपासता येईल.

७ एप्रिल

टॅलीतून विक्रीची यादी काढली. पहिला निर्णय: बिलाची रक्कम न घेता करपात्र मूल्य घ्यायचं. जीएसटी हा आमचा धंदा नव्हे, तो सरकारला भरायचा पैसा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. ज्या मालाचा दर तेव्हा कमी झाला त्याची बिलाची रक्कम वर्षाच्या मधोमध खाली आली, विक्री मात्र होती तेवढीच. करासकट आकडा घेतला असता तर असा माल उगाच मागे पडला असता.

दुसरा प्रश्न नावांचा, आणि यात दिवस गेला. बिल करणारी माणसं बदलली तशी टॅलीतली नावंही बदलत गेली. एकाच इन्सर्टची `CNMG120408 CI` आणि `CNMG 120408 K` अशी दोन नावं सापडली. दोन्ही डबे तात्यांनी खणातून काढून समोर ठेवले. कंपनी एक, ग्रेड एक, डब्यावरचा लाल पट्टाही तोच. माल एकच. दोन नावांत वाटला गेल्यामुळे त्यातला एक भाग यादीत बराच खाली गेला होता.

म्हणून सारखी दिसणारी सगळी नावं एकत्र करावीत, असंही नाही. मोह तोच होतो. इन्सर्टच्या नावातले शेवटचे दोन आकडे टोकाची गोलाई सांगतात: ०८ म्हणजे ०.८ मिमी, १२ म्हणजे १.२ मिमी. १२०४०८ मागणाऱ्याला १२०४१२ देता येत नाही, त्याच्या ड्रॉइंगमधली कोपऱ्याची त्रिज्या बिघडेल. ग्रेडचंही तसंच. आयएसओच्या वाटणीत कास्ट आयर्नसाठी के गट, रंग लाल. स्टीलसाठी पी, रंग निळा. स्टेनलेससाठी एम, रंग पिवळा. आकार तोच असला तरी कास्टिंग घासणाऱ्याला निळ्या डब्यातला माल देऊन चालत नाही.

तात्यांनी एका वाक्यात निकष दिला: "गिऱ्हाइकानं एक मागितला आनि आपण दुसरा दिला, तर तो घेतोय का? घेत असंल तर एक नाव. न्हाई तर दोन." हाच निकष ठरवला. यादी या निकषाने साफ केली आणि जुनी नावं नव्या नावांशी जोडणारा तक्ता वेगळ्या शीटवर ठेवला, म्हणजे पुढच्या वेळी तोच घोळ पुन्हा निस्तरायला नको.

९ एप्रिल

साफ केलेल्या यादीवर पहिला आलेख काढला. रेघ वर चढत गेली, शंभरच्याही वर, १०१.५ टक्क्यांपर्यंत गेली, आणि शेवटच्या टोकाला खाली वळून शंभरावर आली.

एकत्रित टक्केवारीची रेघ कधीच खाली येऊ शकत नाही. ती आली, म्हणजे यादीत उणे आकडा आहे. तो शोधला. एका इन्सर्टची नक्त विक्री उणे ६०,००० रुपये होती. मागच्या आर्थिक वर्षात विकलेला माल गिऱ्हाइकाने या वर्षी परत केला होता, त्याची क्रेडिट नोट या वर्षात पडली, आणि या वर्षी त्या मालाची नवी विक्री शून्य. उतरत्या क्रमात उणे आकडा सगळ्यात खाली जातो, म्हणून कुबड टोकाला दिसतं.

टोकालाच आहे तर काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं. बाकीच्या मालाची बेरीज ४० लाख. उणे साठ हजार धरले की एकूण ३९.४ लाख. भागायचा आकडाच लहान झाल्याने प्रत्येक टप्प्याची टक्केवारी थोडी फुगते. ज्याच्या आधीपर्यंतची बेरीज ९५ टक्क्यांच्या आत तो माल बी, असं धरू. सेंटर ड्रिलच्या आधीपर्यंतची बेरीज ३७.८८ लाख आहे. ४० लाखांशी ती ९४.७ टक्के होते, ३९.४ लाखांशी ९६.१. म्हणजे ज्याचा सेंटर ड्रिलशी काडीचाही संबंध नाही अशा परताव्यामुळे तो बी मधून सी मध्ये ढकलला जातो.

उपाय: परतावा त्या त्या मालाच्या विक्रीतून वजा करायचाच, पण वजा केल्यावर ज्याची नक्त विक्री शून्य किंवा उणे येते तो माल वर्गवारीतून बाहेर काढून वेगळ्या यादीत ठेवायचा. टक्केवारी काढताना भागायची बेरीज फक्त अधिक आकड्यांची. शीटच्या माथ्यावर एक तपासणी टाकली आहे: एकत्रित टक्केवारीच्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा १०० पेक्षा जास्त आला तर तो चौकोन लाल होतो.

१३ एप्रिल

रॅकचे आकडे पक्के झाले. सगळ्या वीस ओळी इथे देत नाही, पहिल्या आठ आणि दुसऱ्या रेघेजवळच्या दोन पुरेत.

| क्र. | माल | विक्री (₹) | वाटा % | एकत्रित % |
|---|---|---|---|---|
| १ | सीएनएमजी इन्सर्ट, कास्ट आयर्न | ११,२०,००० | २८.० | २८.० |
| २ | टीएनएमजी इन्सर्ट | ६,४०,००० | १६.० | ४४.० |
| ३ | कटिंग ऑइल, २० लिटर | ४,८०,००० | १२.० | ५६.० |
| ४ | कार्बाइड एंड मिल, १० मिमी | ३,६०,००० | ९.० | ६५.० |
| ५ | ग्राइंडिंग व्हील | २,८०,००० | ७.० | ७२.० |
| ६ | कार्बाइड ड्रिल, ८.५ मिमी | २,२८,००० | ५.७ | ७७.७ |
| ७ | डीएनएमजी इन्सर्ट | १,९२,००० | ४.८ | ८२.५ |
| ८ | मशिन टॅप, एम१० | १,४०,००० | ३.५ | ८६.० |
| १२ | डायमंड ड्रेसर | ६४,००० | १.६ | ९४.७ |
| १३ | सेंटर ड्रिल | ५२,००० | १.३ | ९६.० |

आता खरा प्रश्न सातव्या ओळीचा. सहाव्या मालापर्यंत ७७.७, सातव्यानंतर ८२.५. ऐंशीची रेघ डीएनएमजीच्या अंगावरून जाते. तो ए की बी?

दोन नियम वापरात दिसतात. पहिला: मालाची स्वतःची एकत्रित टक्केवारी ८० किंवा कमी असेल तरच ए. त्याप्रमाणे ए मध्ये सहा माल आणि डीएनएमजी बी. दुसरा: त्या मालाच्या *आधीपर्यंतची* बेरीज ८० पेक्षा कमी असेल तर ए. म्हणजे ऐंशीचा टप्पा जो माल ओलांडून देतो तोही ए मध्येच. त्याप्रमाणे सात.

एका मालाचा फरक वाटतो, पण पहिल्या नियमात एक खड्डा आहे. समजा एखाद्या कपाटात चारच माल आहेत आणि पहिल्याचा वाटा एकट्याचा ८३ टक्के आहे. पहिल्या नियमाप्रमाणे तो ८० च्या वर गेला, म्हणून ए नाही. त्यानंतरचे तर नाहीतच. ए वर्ग रिकामा! ज्या मालावर ते कपाट चालतं तोच बी ठरतो. दुसऱ्या नियमात हे कधीच होत नाही, कारण पहिल्या मालाच्या आधीची बेरीज नेहमी शून्य असते. म्हणून दुसरा नियम घेतला. ९५ च्या रेघेलाही तोच: सेंटर ड्रिलच्या आधी ९४.७ आहे, म्हणून सेंटर ड्रिल बी.

शीटमधली सूत्रं अशी. विक्री `B` रकान्यात, ओळी २ ते २१. `C` मध्ये आधीपर्यंतचा वाटा, `D` मध्ये एकत्रित वाटा, `E` मध्ये वर्ग:

```
C2: =(SUM(B$2:B2)-B2)/SUM(B$2:B$21)
D2: =SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$21)
E2: =IF(C2<0.8,"A",IF(C2<0.95,"B","C"))
```

बेरीज रुपयांची करून मग भागायचं. आधी वाटे एका दशांशापर्यंत तोडून मग ते वाटे मिळवत गेलं, तर शेकडो ओळींत तुटलेले तुकडे साठतात, शेवट शंभरावर येत नाही, आणि रेघेजवळचा माल इकडचा तिकडे होतो.

१६ एप्रिल

आज आलेख. एक्सेलमध्ये तयार पॅरेटो आलेख मिळतो, पण त्यात आपल्या आडव्या रेघा घालायला जागा नाही. म्हणून साधा जोड-आलेख केला: विक्रीचे खांब डाव्या अक्षावर, एकत्रित टक्केवारीची रेघ उजव्या अक्षावर, आणि दोन जादा रकाने, एकात सगळीकडे ८० टक्के, दुसऱ्यात ९५. त्या दोन रकान्यांच्या आडव्या तुटक रेघा होतात.

उजवा अक्ष एक्सेल आपल्या मनाने १२० टक्क्यांपर्यंत नेतो. तो १०० वर बांधला. नाहीतर बघणाऱ्याला रेघ अर्धवट थांबल्यासारखी दिसते. डावा अक्षही मुद्दाम ४० लाखांवर, म्हणजे एकूण विक्रीवर बांधला. त्यामुळे दोन्ही अक्षांचं माप एकच झालं: डावीकडचे ४० लाख म्हणजेच उजवीकडचे १०० टक्के. पहिल्या खांबाचा माथा आणि रेघेचा पहिला बिंदू आता एकमेकांना चिकटतात. तिथून पुढे रेघ प्रत्येक खांबाच्या उंचीइतकी वर चढते, हे बोट ठेवून दाखवता येतं. आबांना आलेख यामुळेच समजला. खालचे खांब अगदी बुटके दिसतात खरे, पण ते तसे आहेतच.

आडव्या रेघा आपण ठरवतो. त्यांनी वक्राला जिथे छेद दिला तिथून खाली सोडायच्या उभ्या रेघा मात्र आकड्यांतून येतात, आणि गोडाऊनच्या कामाला त्याच लागतात. आडवी रेघ विक्रीबद्दल बोलते, उभी रेघ मालाच्या संख्येबद्दल.

इथे एक बारकावा आहे. बिंदू सरळ तुकड्यांनी जोडले की ८० ची रेघ सहा आणि सात यांच्या जवळजवळ मध्यावर, ६.४८ ला वक्राला भेटते. पण साडेसहा माल असा काही प्रकार नसतो. त्या तुकड्यावरच्या मधल्या बिंदूंना अर्थ नाही, अर्थ फक्त बिंदूंनाच. म्हणून उभी रेघ छेदावर न मारता सातव्या आणि आठव्या खांबाच्या मधल्या फटीत मारली. दुसरी तेराव्या आणि चौदाव्याच्या मधे. आता आलेखावरून ए मध्ये सात खांब, बी मध्ये सहा, सी मध्ये सात, असं मोजता येतं आणि ते सूत्रातून आलेल्या अक्षरांशी जुळतं. जुळलं नाही तर दोन्हीपैकी काहीतरी चुकीच्या नियमावर चाललं आहे हे तिथेच कळेल.

१८ एप्रिल

आबांचा प्रश्न: "ऐंशीच का? पंचाहत्तर का न्हाई?"

प्रश्न रास्त आहे. ही वाटणी मालसाठ्याच्या कामात आणली जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी, १९५१ मध्ये. ऐंशीचा आकडा हा काही निसर्गनियम नाही. तो रूढ झालेला सोयीचा आकडा आहे. आणि ८०-२० म्हटलं की दोन्हींची बेरीज शंभर झालीच पाहिजे अशी समजूत असते, तीही खरी नाही. एक टक्केवारी विक्रीची, दुसरी मालाच्या संख्येची. आमच्या या रॅकमध्ये ए मालाची संख्या २० पैकी ७, म्हणजे ३५ टक्के आहे. वीसच माल असले की असंच होतं, वक्र फार उभा चढत नाही.

उत्तर देण्यासाठी रेघ हलवून पाहिली. ७५ ला ए मध्ये सहा माल, ८० ला सात, ८५ ला आठ. रेघ दहा टक्के सरकवूनही दोनच माल हलले. म्हणजे ७५ ते ८५ मध्ये कुठेही रेघ मारा, वरचे सहा ए राहतात. वाद फक्त डीएनएमजी आणि एम१० टॅपचा.

दुसरी कसोटी वक्राच्या चढावरून. वीस मालांत सरासरी वाटा ५ टक्के. सहाव्याचा वाटा ५.७, सातव्याचा ४.८. म्हणजे सहाव्यापर्यंत प्रत्येक माल सरासरीपेक्षा जास्त देतो, सातव्यापासून कमी. आलेखात शून्यापासून शंभरापर्यंत सरळ तिरकी रेघ ओढली, तर सहाव्यापर्यंत वक्र तिच्यापासून दूर जातो आणि तिथून पुढे तिच्याकडे झुकू लागतो. आकड्यांमधला स्वाभाविक वळसा सहावर, आमची रेघ सातवर. एवढे जवळ आहेत म्हणून ८० ठेवायला हरकत नाही. हा वळसा आणि रेघ एकमेकांपासून फार लांब निघाले असते, तर मी रेघच हलवली असती.

२२ एप्रिल

सगळं दुकान घेतलं. वर्षात विक्री झालेले माल ६१२ निघाले. ए ७४, बी ११८, सी ४२०. इथे ए मालाची संख्या १२ टक्क्यांच्या आसपास आली, कारण शेपूट लांब आहे. सहाशे खांबांचा आलेख वाचता येत नाही, म्हणून खांब काढले आणि फक्त वक्र ठेवला. खालच्या अक्षावर मालाची नावं न ठेवता क्रमांक, ० पासून ६१२ पर्यंत. वक्राची सुरुवात मुद्दाम (०, ०) पासून केली.

पण टॅलीच्या माल-यादीत नावं ७९० आहेत. उरलेले १७८ कुठे गेले? विक्रीच्या अहवालात ते येतच नाहीत, कारण त्यांची विक्रीच नाही. म्हणजे जो माल वर्षभर खणातून हललाच नाही तो या आलेखाला दिसतच नाही! वर्गवारी फक्त विक्रीच्या अहवालावरून केली तर सगळ्यात वाईट अडकलेला पैसा नजरेआड राहतो. त्यामुळे माल-यादीशी जोडणी करून त्या १७८ नावांची वेगळी यादी काढली. त्यांना सी म्हणायचं नाही. सी माल विकला जातो, थोडा का असेना. हे पडून आहेत. यातली काही नावं जुनी, हातात माल शून्य असलेली निघाली, ती बंद केली. ज्यांचा माल खरोखर खणात आहे त्यांचा निर्णय आबा घेतील.

२५ एप्रिल

ए यादी घेऊन तात्यांसोबत रॅकपुढे उभी राहिले. एकेक नाव वाचत गेले. एका नावावर ते थांबले. "ह्यो कटर? ह्यो तर एकाच गिऱ्हाइकानं नेला की. त्यो जॉब संपला त्यांचा."

बिलं पाहिली. एक खास मिलिंग कटर, जुलैमध्ये एकाच बिलावर मोठ्या रकमेला गेलेला, नंतर एकदाही नाही. वर्षाच्या बेरजेत तो थेट ए मध्ये बसला. एबीसीला फक्त बेरीज दिसते, ती बारा महिन्यांत पसरली आहे की एकाच दिवसात पडली हे तिला कळत नाही. म्हणून एक रकाना वाढवला: वर्षातल्या किती महिन्यांत हा माल विकला गेला. ए आणि बी मध्ये ज्यांचे महिने तीन किंवा त्याहून कमी आहेत त्यांचे बिंदू वक्रावर पोकळ वर्तुळाने दाखवले. त्यांचा वर्ग सूत्राने बदललेला नाही, पण साठा ठेवायचा नाही, मागणी आली की मागवायचा.

यादी खाली खाली सरकत सी मध्ये आली तेव्हा तात्या दुसऱ्यांदा थांबले, आणि या वेळी जोरात. इन्सर्टचा क्लॅम्प स्क्रू. पहिल्या रॅकमध्ये एकोणिसाव्या क्रमांकावर आहे, वर्षाची विक्री १२,००० रुपये, वाटा ०.३ टक्के. त्यांनी डबी उघडून एक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढा, माथ्यावर सहा पाकळ्यांचा टॉर्क्स खाच. "ताई, ह्याची आटी गेली की इन्सर्ट होल्डरात बसत न्हाई. गिऱ्हाईक आधी ह्यो मागतंय. नसला तर दुसऱ्या दुकानात जातंय, आनि इन्सर्टबी तिथंच घेतंय."

या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला इथे मिळाली. विक्रीच्या वाट्यावरून केलेली वर्गवारी पैसा कुठून येतो ते सांगते. कुठला माल नसल्यावर काय अडतं ते सांगत नाही. त्यासाठी दुसरं अक्षर लागतं. व्हीईडी नावाची वाटणी त्यासाठीच आहे: ज्यावाचून काम थांबतं तो व्हायटल, ज्यावाचून अडचण होते तो इसेन्शियल, नसला तरी भागतो तो डिझायरेबल. ही अक्षरं आकड्यांतून निघत नाहीत, खणापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाकडूनच मिळतात. तात्यांनी सी यादी पुन्हा वरपासून वाचली आणि व्हायटल माल सांगितले: स्क्रू, त्याची चावी, होल्डरखालची शिम, काही बारीक टॅप. आलेखावर शेपटीतले हे बिंदू लाल केले.

२८ एप्रिल

आता वर्गाप्रमाणे काय करायचं ते ठरवलं.

सी म्हणजे कमी ठेवायचा माल, असा अर्थ दुकानात सगळ्यांनी लगेच काढला. तो काढून टाकायला आजचा बराच वेळ दिला. सी म्हणजे कमी *लक्ष* द्यायचा माल. तो स्वस्त आहे, जागा कमी खातो, म्हणून उलट तो सहा महिने पुरेल इतका एकदम आणून ठेवायचा आणि विसरायचं. क्लॅम्प स्क्रूचा सहा महिन्यांचा साठा विक्रीच्या किमतीनेही सहा हजारांचा होतो. सीएनएमजीचा तसाच साठा धरला तर साडेपाच लाखांच्या पुढे जातो. म्हणून ए माल थोडा थोडा, वारंवार मागवायचा आणि त्यावर सतत नजर ठेवायची.

मोजणी: ए दर महिन्याला, बी तीन महिन्यांनी, सी वर्षातून एकदा. वर्षाचा हिशेब ७४ गुणिले १२, अधिक ११८ गुणिले ४, अधिक ४२०. म्हणजे १,७८० मोजण्या. कामाचे ३०० दिवस धरले तर रोज सहा खण. सगळा माल दर महिन्याला मोजायचा म्हटलं असतं तर ७,३४४ झाल्या असत्या. रोज सहा खण तात्यांना सकाळी गर्दी व्हायच्या आधी सहज जमतात. सी मधल्या व्हायटल मालाला मोजणीपेक्षा सोपा उपाय: दोन डब्या. पहिली संपली की दुसरी उघडायची आणि त्याच वेळी मागणी लिहायची.

२ मे

वर्ग किती वेळाने बदलायचे? दर तिमाहीला मागच्या बारा महिन्यांची विक्री घेऊन. एका तिमाहीची विक्री घ्यायची नाही, त्यात एखादी मोठी ऑर्डर सगळा क्रम हलवते.

त्यात डीएनएमजीसारखा रेघेवरचा माल दर वेळी ए-बी-ए-बी करत राहील, आणि त्याची मोजणीही बदलत राहील. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन टक्क्यांचा पट्टा ठेवला. आज ए असलेला माल, त्याच्या आधीपर्यंतची बेरीज ८३ च्या पुढे गेली तरच बी होईल. आज बी असलेला माल, ती बेरीज ७७ च्या खाली आली तरच ए होईल. मधे असेल तर आहे तिथेच राहील. आधीचा वर्ग `F` रकान्यात ठेवला की ए-बी पुरतं सूत्र असं:

```
=IF(F2="A",IF(C2<=0.83,"A","B"),IF(C2<0.77,"A","B"))
```

९५ च्या रेघेला पट्टा एक-एक टक्क्याचाच पुरतो, कारण तिथे एकेका मालाचा वाटा फार लहान असतो. आलेखावर दोन्ही रेघांभोवती हे पट्टे फिकट रंगाने भरले. पट्ट्यात सापडलेल्या मालांची यादी शीटच्या बाजूला आपोआप येते. तिमाहीच्या बैठकीत आबा आणि तात्यांनी बघायची ती एवढीच यादी, बाकी सहाशे नावं वाचायची गरज नाही.

आलेखाची एक प्रत गोडाऊनच्या दाराशी लावली. खणांवर ए ला हिरवी, बी ला केशरी आणि सी ला पांढरी चिठ्ठी. लाल, निळा, पिवळा हे रंग मुद्दाम टाळले, ते डब्यांवर ग्रेडसाठी आधीच आहेत. व्हायटल मालाच्या चिठ्ठीवर काळी टिकली. पुढची वर्गवारी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जूनअखेरची विक्री टॅलीत पूर्ण झाल्यावर.